जाहिरातीतले शब्द, आपलं काम

सांगलीतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात तीन वर्षं काम केलेली एक मुलगी समजा पुण्यातल्या ‘अकाउंट्स असिस्टंट’च्या जागेसाठी अर्ज करते आहे. जाहिरातीत मागितलंय: टॅली प्राइम, जीएसटी रिटर्न, बँक रिकन्सिलिएशन, टीडीएस. तिच्या रेझ्युमेत मात्र एकच ओळ आहे, ‘अकाउंट्सची सर्व कामं पाहिली’. यातून कुणाला काय कळणार? शिवाय नोकरीच्या पोर्टलवर आलेल्या अर्जांच्या ढिगातून एचआरवाले बहुतेकदा शब्द टाकूनच शोधतात. ‘सर्व कामं’ हा शब्द कोणी शोधत नाही.

म्हणून आधी एक मूळ रेझ्युमे हवा. तो कुठे पाठवायचा नाही. केलेलं प्रत्येक काम त्यात तपशिलानं लिहून ठेवायचं, तीन-चार पानं झाली तरी चालेल. प्रत्येक अर्जाच्या वेळी त्याची प्रत काढायची, जाहिरातीतल्या एकेका मागणीसमोर आपलं खरं काम मांडायचं आणि बाकीचं कमी करायचं.

जीएसटीचं उदाहरण घेऊ. ही मुलगी बारा व्यापाऱ्यांची विक्रीची बिलं टॅलीत चढवायची, त्यावरून जीएसटीआर-१ तयार करायची आणि खरेदीची बिलं जीएसटीआर-२बीशी ताडून पाहायची. रिटर्न भरायचे मात्र साहेब. मग ओळ अशी होते: ‘१२ व्यापाऱ्यांचे जीएसटी रिटर्न (जीएसटीआर-१) तयार केले, खरेदी २बीशी जुळवली, अंतिम फाइलिंग वरिष्ठांकडे’. जाहिरातीतला शब्द आला आणि आपल्या कामाची हद्दही स्पष्ट झाली. ही हद्द लपवण्यात अर्थ नाही, कारण मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, ‘बिल २बीत दिसलं नाही तर काय करता?’ ज्यानं काम केलंय तो चटकन सांगतो, ‘पुरवठादाराला फोन करून त्यानं रिटर्नमध्ये बिल दाखवलंय का विचारतो, तोवर त्या बिलाचं क्रेडिट घेत नाही.’ नुसता शब्द उचलून आणणारा इथे गडबडतो.

बँक रिकन्सिलिएशनला तिच्या ऑफिसात सगळे ‘बीआरएस’ म्हणायचे. काम तेच, तेव्हा जाहिरातीतलं पूर्ण नाव लिहावं, पुढे कंसात बीआरएस.

आता टीडीएस. तिनं टॅलीत टीडीएसच्या नोंदी केल्या आहेत, पण तिमाही विवरणपत्र कधी भरलेलं नाही. तर ‘टीडीएसच्या नोंदी’ एवढंच लिहावं. कौशल्यांच्या यादीत सुटा ‘टीडीएस’ टाकला की वाचणारा सगळंच येतं असं धरून चालतो, आणि माझ्या मते ते खोटंच झालं. चारपैकी तीन मागण्या पक्क्या असतील तर चौथी अर्धी असूनही अर्ज जरूर करावा. पण जाहिरातीत विवरणपत्रं भरणं हेच मुख्य काम असेल, तर रेझ्युमे कितीही घासला तरी ती जागा तिची नाही.

पाठवलेल्या रेझ्युमेसोबत जाहिरातीची प्रतही जपून ठेवावी. फोन येईपर्यंत ती पोर्टलवरून बऱ्याचदा गेलेली असते.