ओलसर थंडीत डाऊन की सिंथेटिक?

जॅकेट किंवा स्लीपिंग बॅग ऊब देते ती आत अडकलेल्या हवेमुळे. फिलिंगचे काम त्या हवेला जागेवर धरून ठेवण्याचे. डाऊन म्हणजे बदक किंवा हंसाच्या पिसांखालची मऊ लव. तिचा प्रत्येक पुंजका सर्व बाजूंनी फुलतो. हा फुगीरपणा ‘फिल पॉवर’ या आकड्याने सांगतात. 800 फिल पॉवरचे सुमारे 28 ग्रॅम डाऊन 800 घनइंच, म्हणजे जवळपास 13 लिटर जागा व्यापते. म्हणून तेवढ्याच उबेसाठी डाऊन सहसा हलके पडते आणि दाबून लहान पिशवीत मावते. पॉलिएस्टरच्या तंतूंचे सिंथेटिक फिलिंग तुलनेने जड आणि जागा खाणारे असते.

ओलाव्यात मात्र चित्र पालटते. भिजलेली लव एकमेकींना चिकटून तिचे गोळे होतात आणि हवा धरणारी पोकळी नाहीशी होते. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही. भिजल्यावर त्याचीही ऊब घटते, पण तंतू बरेचसे फुगलेले राहतात आणि लवकर वाळतात. पाऊस लागलाच पाहिजे असेही नाही. रात्री अंगातून निघणारी वाफ फिलिंगच्या थंड भागात पोचून तिथेच पाणी होते. ऊन मिळाले नाही तर हा ओलावा रोज थोडा साठत जातो.

हिमाचलातील हामटा खिंडीच्या ट्रेकमध्ये दोन्ही हवामाने भेटतात. जुलै-ऑगस्टमध्ये कुलूच्या बाजूला पाऊस आणि धुके, तर खिंडीपलीकडे लाहौलचा कोरडा प्रदेश. पहिल्या मुक्कामांत दमट झालेली डाऊन बॅग ऊन मिळाले नाही तर खिंडीखालच्या सर्वांत थंड रात्री चपटी पडलेली असते. अशा ट्रेकला सिंथेटिक जॅकेट आणि जलरोधक पिशवीत जपलेली डाऊन बॅग ही जोडी व्यवहार्य ठरते. हिवाळ्यातल्या लडाखमध्ये थंडी कडक असली तरी हवा कोरडी असते. तिथे डाऊनच सरस.

धुण्यात सिंथेटिक सोपे: थंड पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवणे. डाऊनला नेहमीची पावडर चालत नाही, कारण ती लवेवरचा नैसर्गिक तेलकटपणा काढून टाकते. त्यासाठी खास साबण वापरतात. ओले डाऊन एका टोकाला धरून उचलू नये, आतले कप्पे फाटतात. ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन टेनिसचे चेंडू टाकून ते काही तास फिरवावे लागते. कपडा उजेडाकडे धरल्यावर काळे गोळे दिसले किंवा कुबट वास आला, तर आत ओल उरली आहे असे समजावे. ड्रायर नसेल तर दमट पावसाळ्यात डाऊन धुणे टाळलेले बरे.

टिकण्यात मात्र डाऊन पुढे. वारंवार दाबल्याने सिंथेटिक तंतू वाकतात, मोडतात आणि गेलेला फुगीरपणा परत येत नाही. नीट निगा राखलेले डाऊन त्याहून बरीच अधिक वर्षे पुन्हा फुलते. प्रवास संपल्यावर दोन्ही पिशवीतून काढून मोकळी ठेवावीत.