आवृत्ती संपलेल्या ग्रंथाचा माग

एखाद्या पुस्तकाची आवृत्ती संपली आणि प्रकाशकाने ती पुन्हा काढली नाही, म्हणजे ते पुस्तक आता कायमचे दुरावले, असा एक निराश समज आपल्या सुशिक्षित वाचकांतही रूढ आहे. आणि त्याच्याच जोडीला हल्ली दुसरा एक उत्साही समज वावरू लागला आहे, की छापलेले प्रत्येक पुस्तक कोठे ना कोठे संगणकावर चढलेले असतेच, तेव्हा नाव टाकून ते न सापडल्यास ते अस्तित्वातच नाही असे खुशाल समजावे. हे दोन्ही समज परस्परविरुद्ध दिसत असले तरी त्यांची चूक एकच आहे. शोध म्हणजे एका नावाचा शोध, असे दोघेही गृहीत धरतात. वास्तविक आपल्याला हवी असते ती त्या नावाखाली निघालेली एक विशिष्ट आवृत्ती, आणि तिचा तपशील हाती नसेल तर ग्रंथपालही आपल्याला साहाय्य करू शकत नाही आणि जुन्या पुस्तकांचा विक्रेताही.

विनायक लक्ष्मण भावे यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वत’ या ग्रंथाचेच उदाहरण घेऊ. प्राचीन मराठी वाङ्मयाचा हा इतिहास प्रथम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘ग्रंथमाला’ मासिकातून निबंधरूपाने प्रसिद्ध झाला; पुढे भाव्यांनी त्याचा पुष्कळ विस्तार केला व तो 1919 मध्ये ग्रंथरूपाने निघाला; 1926 मध्ये भावे निवर्तले, आणि त्यानंतर पाव शतकाने, 1951 च्या आवृत्तीस, डॉ. शं. गो. तुळपुळे यांची पुरवणी जोडली गेली. मध्यंतरीच्या संशोधनाने काय भर पडली हे ज्याला पाहावयाचे आहे त्याला 1951 ची किंवा तिच्यावरून पुढे निघालेली आवृत्ती पाहिजे. उलट, स्वतः भाव्यांना 1919 साली काय ठाऊक होते आणि ते त्यांनी कोणत्या शब्दांत मांडले, हे ज्याला तपासावयाचे आहे त्याला 1919 चीच प्रत हवी. ‘महाराष्ट्र सारस्वत आहे का?’ या प्रश्नाला ‘आहे’ असे उत्तर मिळूनही या दुसऱ्या वाचकाचे काम होईलच असे नाही.

म्हणून पहिला दाखला काढावा तो सूचीतून. शंकर गणेश दाते यांनी एकहाती म्हणावी अशा चिकाटीने सिद्ध केलेली ‘मराठी ग्रंथसूची’ हे या कामाचे मूळ दप्तर होय. तिचा 1943 साली निघालेला पहिला भाग 1800 ते 1937 या काळातील ग्रंथांची नोंद करतो, आणि 1961 साली निघालेला दुसरा भाग 1938 ते 1950 या काळातील. यावरून एक गोष्ट ध्यानी येईल, की आपल्या उदाहरणातील 1919 ची आवृत्ती पहिल्या भागाच्या कक्षेत येते, पण तुळपुळ्यांची पुरवणी असलेली 1951 ची आवृत्ती अवघ्या एका वर्षाने दुसऱ्या भागाच्याही मर्यादेबाहेर राहते. दात्यांत नाही म्हणून पुस्तक नाही असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. सूचीची मुदत न पाहता तिची साक्ष काढू नये. नोंद सापडली, की प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठसंख्या हा तपशील उतरून घ्यावा, आणि त्यातही पृष्ठसंख्या विसरू नये. तिचा उपयोग पुढे प्रत पारखताना होतो.

आता संगणकीय शोधाविषयी. नाव टाकले आणि काही आले नाही, याचा अर्थ बहुधा एवढाच असतो, की ज्या लेखनाने आपण शोधले त्या लेखनाने ते पुस्तक नोंदलेले नाही. पाश्चात्त्य देशांतील मोठी ग्रंथालये मराठी नावे रोमन लिपीत ज्या पद्धतीने लिहितात, तीत अंत्य ‘अ’ लिहून दाखवितात. त्यामुळे आपण ज्याला `Maharashtra Saraswat` म्हणू ते तेथे `Mahārāshṭra sārasvata` असते, आणि कर्त्याचे नाव `Bhāve, Vināyaka Lakshmaṇa` असे आडनावाने सुरू होते. चिन्हे वगळून `sarasvata` एवढे टंकले तरी बहुतेक ठिकाणी चालते. पण शेवटचा `a` गाळला किंवा `v` च्या जागी `w` घातला, तर WorldCat सारख्या जागतिक सूचीतही तोच ग्रंथ अदृश्य होतो. archive.org वर भारतातील जुन्या ग्रंथांच्या ज्या असंख्य प्रतिमा आहेत, त्यांतील पुष्कळशा ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या योजनेतून आलेल्या असून त्यांच्या ओळखनामाचा आरंभ `in.ernet.dli` असा असतो. तेथील नावे ज्या कर्मचाऱ्यांनी भरली त्यांच्यापुढे एकच शिरस्ता नव्हता. म्हणून देवनागरीत, रोमनमध्ये, नाव जोडून व तोडून, आणि केवळ कर्त्याच्या आडनावाने, असा प्रत्येक प्रकारे शोध घ्यावा. तेथे लिहिलेल्या वर्षावरही विसंबू नये. प्रतिमांतील मुखपृष्ठानंतरचे पान स्वतः उघडावे, आवृत्तीचा उल्लेख वाचावा, आणि शेवटच्या पानाचा अंक सूचीतील पृष्ठसंख्येशी ताडून पाहावा. कारण मधली पाने गळालेली किंवा दुमडून टिपलेली अशी प्रत तेथे विरळा नाही.

कायद्याने प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा होते, तेव्हा कोलकात्यास लिहिले की काम झाले, हाही एक फार पसरलेला समज आहे. ज्या अधिनियमाच्या आधारे तो बाळगला जातो तो 1954 चा आहे. त्यान्वये प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाखेरीज मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील नेमून दिलेल्या ग्रंथालयांकडेही प्रत पाठवावयाची असते. 1919 चा ग्रंथ त्याच्या कक्षेत येत नाही. त्या काळी 1867 चा छापखाना व पुस्तक नोंदणीविषयक कायदा होता आणि त्यान्वये प्रत इलाख्याच्या सरकारकडे रुजू करावी लागे. परंतु रुजू झालेली प्रत आज एखाद्या फडताळात सुरक्षित असेलच, असे त्यावरून सिद्ध होत नाही. यास्तव जुन्या मराठी ग्रंथासाठी जुन्या मराठी संस्थांकडेच आधी वळावे. प्रस्तुत ग्रंथाच्या बाबतीत तर ही वाट विशेष उचित आहे, कारण 1893 मध्ये ठाण्यास जे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले त्याच्या संस्थापकांत स्वतः भावेच होते. त्यानंतर 1898 चे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचे नगर वाचन मंदिर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्याकडे विचारणा करावी. जुन्या संस्थांतील सगळाच संग्रह संगणकीय सूचीत उतरलेला असतो असे नाही. जुन्या नोंदी कित्येकदा दाखल-नोंदवहीत किंवा सूचिपत्रकांच्या कपाटात असतात, आणि म्हणून दूरच्या वाचकाने ग्रंथपालांना पत्र लिहावे, त्यात कर्ता, वर्ष, आवृत्ती व पृष्ठसंख्या द्यावी, आणि ‘ग्रंथ आहे काय’ याबरोबरच ‘कोणत्या वर्षाची प्रत आहे’ असेही स्पष्ट विचारावे.

आंतरग्रंथालयीन देवघेव या व्यवस्थेविषयी तर दोन्ही टोकांचे भ्रम आहेत. वाचकाने परक्या ग्रंथालयाकडे अर्ज करावयाचा आणि त्याने पुस्तक घरी पाठवावयाचे, अशी ही व्यवस्था नव्हे. हा व्यवहार एका ग्रंथालयाचा दुसऱ्या ग्रंथालयाशी होतो, आणि वाचकाचे नाते केवळ आपल्या ग्रंथालयाशी राहते. आपल्याकडे विद्यापीठे व महाविद्यालये यांना गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची संयुक्त सूची आणि दिल्लीच्या डेलनेटचे सदस्यत्व यांच्या आश्रयाने असा व्यवहार करता येतो; म्हणून आपले ग्रंथालय डेलनेटचे सदस्य आहे काय, हे प्रथम विचारावे. शंभर वर्षांपूर्वीची प्रत मात्र प्रवासास निघत नाही. ठिसूळ झालेला कागद टपालाच्या हातांत देण्यास कोणताही जबाबदार ग्रंथपाल धजत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. अशा वेळी संपूर्ण ग्रंथ न मागता हवे ते प्रकरण किंवा हवी ती पाने यांच्या प्रतिमा मागाव्यात. ती मागणी मान्य होण्याचा संभव कितीतरी अधिक असतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. 1962 पासून पीएल-480 या कायद्याखालील रुपयांच्या निधीतून भारतीय भाषांतील नवी पुस्तके तेथील निवडक विद्यापीठांना नियमाने जाऊ लागली. त्यामुळे साठोत्तर काळातील मराठी पुस्तके तेथे, आणि तीही पुढे देवघेवीस उपलब्ध असलेली, सापडण्याची आशा बरीच असते. 1919 च्या प्रतीसाठी मात्र ही वाट फारशी उपयोगाची नाही.

प्रत विकतच घ्यावयाची असेल, तर ‘जुने म्हणजे महाग’ ही समजूत प्रथम सोडावी. संकेतस्थळावर दिसणारी किंमत ही विक्रेत्याची अपेक्षा असते, ती कोणी दिलेली असते असे नाही. जोवर पुस्तक विकले जात नाही तोवरच ती जाहिरात आपल्याला दिसते, हे ओळखले म्हणजे तिचा धाक उरत नाही. याहून अधिक सावध राहावे ते ‘1919’ असे वर्ष लिहून ‘नवीन’ अशी स्थिती सांगणाऱ्या जाहिरातींविषयी. अशी बहुतेक पुस्तके मागणी येईल तशी, संगणकावरील प्रतिमांवरून आज छापून बांधली जातात; त्यांत लबाडी असतेच असे नाही, पण मूळ प्रतिमेत गळालेले पान तेथेही गळालेलेच राहते. म्हणून पैसे देण्यापूर्वी नामपृष्ठ, त्याची मागची बाजू, अनुक्रमणिका आणि शेवटचे पान यांची छायाचित्रे मागवावीत. ती पाठविण्यास जो तयार नाही त्याच्याकडे बहुधा वस्तू हातात नसते.

पुण्यामुंबईतील जुन्या पुस्तकांचे जाणकार विक्रेते यापेक्षा अधिक भरवशाचे होत. त्यांच्याकडे ग्रंथ येतात ते एखाद्या दिवंगत प्राध्यापकाचा किंवा वकिलाचा संग्रह घरातून निघाला म्हणजे. तेव्हा आज दुकानात नाही याचा अर्थ पुढील वर्षी येणार नाही असा होत नाही. आपली मागणी आवृत्तीसह लिहून ठेवावी आणि अधूनमधून आठवण द्यावी. प्रतीवर एखाद्या वाचनालयाचा शिक्का असला की ती चोरीचीच, असे मानणेही अन्यायाचे आहे. ग्रंथालये रीतसर ठराव करून पुस्तकांचे निर्लेखन करतात, आणि अशा प्रतीवर पुष्कळदा ‘रद्द’ किंवा ‘निर्लेखित’ असा शिक्का असतो. तो नसेल, आणि संस्था चालू असेल, तर तिच्याकडे चौकशी केल्यावाचून ती प्रत घेऊ नये.

शेवटचा गैरसमज हक्कांविषयीचा. पुस्तक बाजारातून नाहीसे झाले म्हणजे त्यावरील हक्कही नाहीसा झाला, असे मानून सबंध ग्रंथ छापणारे किंवा पसरविणारे अनेक असतात. भारतीय कायद्यान्वये लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे चालतो; पुस्तक विक्रीस असणे वा नसणे याचा त्याच्याशी संबंध नाही. भावे 1926 मध्ये वारले असल्याने त्यांचा 1919 चा मजकूर केव्हाच सर्वांचा झाला आहे. तुळपुळे मात्र विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत हयात होते, तेव्हा 1951 च्या आवृत्तीतील पुरवणीवरील हक्क अद्याप कायम आहे, आणि एकाच बांधणीतील पानांची कायदेशीर स्थिती अशी दोन प्रकारची आहे. स्वतःच्या अभ्यासापुरता काही भाग उतरून घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. शिवाय जे पुस्तक भारतात विकत मिळत नाही, त्याच्या अधिकाधिक तीन प्रती आपल्या वापरासाठी करून घेण्याची मुभा नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयास आहे. आपल्या गावच्या वाचनालयात पुरवणीसह ‘महाराष्ट्र सारस्वत’ नसेल आणि शेजारच्या जिल्ह्यातील संस्थेकडे असेल, तर आपल्या वाचनालयाच्या ग्रंथपालांनी या तरतुदीचा हवाला देऊन प्रत करून मागावी.