देव नसला तर धर्म नाही?

परभणीच्या एका महाविद्यालयातला समाजशास्त्राचा तास. सरांनी विचारलं, "धर्म म्हणजे काय?" जिंतूरची विद्यार्थिनी लगेच म्हणाली, "देवावरची श्रद्धा."

"तुमच्या जिंतूरजवळ नेमगिरी आहे ना? तिथल्या जैनांना सृष्टी निर्माण करणारा देव मान्य नाही. मग तो धर्म नाही का?"

ती गप्प झाली.

हा गैरसमज फार जुना आहे. पण १८७१ साली मानववंशशास्त्रज्ञ टायलरने देवाची अट न घालता, धर्म म्हणजे आत्मिक शक्तींवरचा विश्वास, असं म्हटलं. ही आशयलक्षी व्याख्या. लोक नेमकं काय मानतात हे ती पाहते. याउलट कार्यात्मक व्याख्या विचारते, की ते मानल्याने माणसांचं आणि समाजाचं काय होतं. देवाची अट आपल्या न्यायालयानेही धरली नाही. शिरूर मठाच्या १९५४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बौद्ध आणि जैन धर्मांचा दाखला देऊन, धर्म ईश्वरवादी असलाच पाहिजे असं नाही, हे स्पष्ट केलं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी तर जगाच्या उत्पत्तीचा खुलासा हे धर्माचं काम मानलं आणि जगाची पुनर्रचना हे धम्माचं. म्हणजे दोहोंतला फरक त्यांनी कार्यावरून केला.

"मग माणसं एकत्र बांधणारं काहीही धर्मच की, सर? क्रिकेटसुद्धा?"

"नुसतं कार्य पाहिलंस तर तसंच होईल. व्याख्या इतकी सैल होते, की तिच्या बाहेर काही उरतच नाही."

म्हणूनच समाजशास्त्रज्ञ द्युर्खेमला निव्वळ कार्यात्मक म्हणणं मला चुकीचं वाटतं, पाठ्यपुस्तकांत तसं सर्रास लिहिलेलं असलं तरी. त्याच्या १९१२ च्या व्याख्येत दोन गोष्टी आहेत: पवित्र वस्तूंविषयीच्या श्रद्धा आणि आचार, आणि ते पाळणाऱ्यांचा एक नैतिक समुदाय. पहिली आशयाची, दुसरी कार्याची. देव मात्र त्याने मुद्दाम वगळला, कारण बौद्ध धर्म त्याच्यासमोर होता.

"आता तुराबुल हक शाहांच्या उरुसाला लाव बरं ही व्याख्या," सर म्हणाले.

फेब्रुवारीत परभणीच्या या दर्ग्यात मुस्लिम येतात, तसे हिंदूही येतात. तिने विचार केला. "जागा सगळ्यांनाच पवित्र वाटते. पण नैतिक समुदाय एक नाही, सर. लग्न आणि मयत ज्याच्या त्याच्या रीतीने."

"म्हणजे द्युर्खेमचा अर्धाच भाग बसला. आणि टायलरचा?"

"नवस बोलणारा बाबांची शक्ती मानतो. तो बसतो. पण नुसता जत्रा बघायला आलेला टायलरलाही सापडायचा नाही."

"बरोबर. आता उरुसात माणसांना विचारताना प्रश्न दोन ठेव: बाबांविषयी काय मानता, आणि इथून गेल्यावर कोणाशी कसं वागता. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं अनुमान काढू नकोस."