टॅनमध्ये आठ नंबर आहे का?

चपलांच्या दुकानात दिवसभर हाच प्रश्न येतो. गिऱ्हाईक डिझाइन बोटाने दाखवतं, पण त्याला हवा असतो एका रंगाचा, एका नंबरचा जोड. हिशेबाच्या सॉफ्टवेअरलाही म्हणूनच त्या एका जोडापर्यंत पोचावं लागतं.

कोल्हापुरी चपलांच्या एका घाऊक व्यापाऱ्याचं उदाहरण घेऊ. त्याच्याकडे 60 डिझाइन आहेत. प्रत्येक डिझाइन चार रंगांत आणि 5 ते 10 अशा सहा नंबरांत येतं. म्हणजे एका डिझाइनचे 24 प्रकार आणि एकूण 1440. हे सगळे आयटम हाताने भरायचे म्हटलं, तर एकाच चपलेचं वर्णन, एचएसएन कोड, गट, पुरवठादार 24 वेळा लिहावं लागतं. पंधराव्या नोंदीला कुणीतरी 'TAN'च्या जागी 'TN' टाकतं आणि शोधताना तो जोड सापडेनासा होतो.

ईआरपीमध्ये यावर उपाय असतो तो व्हेरिएंट मॅट्रिक्सचा. मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये तो असा चालतो. आधी `Item Attribute` मध्ये रंग आणि नंबर हे दोन गुणधर्म एकदाच नोंदवायचे आणि प्रत्येक रंगाला संक्षेप द्यायचा. मग डिझाइनचा एकच मूळ आयटम, म्हणजे टेम्प्लेट, बनवायचा आणि त्यात `Has Variants` वर खूण करायची. पुढे हवे ते रंग आणि नंबर निवडले की सॉफ्टवेअर स्वतः कोड तयार करतं:

```
KC101-TAN-8
KC101-BLK-8
```

इथे एक गैरसमज हमखास होतो. कोड नाहीसे होत नाहीत. जोडागणिक साठा मोजायचा आणि डब्यावर बारकोड लावायचा, तर 1440 ओळखी लागणारच. वाचतं ते त्यांना हाताने जन्म देणं आणि सांभाळणं. माणसाने 60 टेम्प्लेट बघायचे, बाकीचं नियमाने होतं. टेम्प्लेटवर थेट बिल फाडता येत नाही, बिल नेहमी व्हेरिएंटचंच होतं. दर मात्र टेम्प्लेटला लावला तरी चालतो. व्हेरिएंटचा स्वतःचा दर नसेल तर तोच उचलला जातो. दहा नंबर महाग विकायचा असेल, तर फक्त त्याला वेगळा दर द्यायचा.

खरा फायदा साठा तक्त्यात पाहिला की कळतो. रंग आडव्या ओळींत, नंबर उभ्या रकान्यांत. टॅनच्या ओळीत 5 नंबरचे 9 जोड, 6 चे 4, 7 आणि 8 शून्य, 9 चा 1, 10 चे 7. बेरीज 21, म्हणजे यादीत माल भरपूर दिसतो. पण सर्वाधिक खपणारे मधले नंबर संपलेत आणि उरलाय तो कट साइजचा माल. नुसती बेरीज पाहणारा खरेदी थांबवतो. तक्ता पाहणारा 7 आणि 8 ची ऑर्डर त्याच दिवशी देतो.

घोळ होतो तो बहुधा गुणधर्म ठरवताना. चामड्याचा तळ की रबराचा, हा तिसरा गुणधर्म जोडला की 1440 चे 2880 होतात, मग रबरी तळ दहाच डिझाइनला का असेना. अशा वेळी त्या दहा डिझाइनचे वेगळे टेम्प्लेट करणं मला कधीही बरं वाटतं. जे निवडून गिऱ्हाईक जोड मागतं आणि जे बहुतेक सगळ्या डिझाइनना लागू पडतं, तेवढंच मॅट्रिक्समध्ये घ्यावं. कारागीर, हंगाम वगैरे साध्या रकान्यात लिहावं. आणि जे जोड कधी बनतच नाहीत, त्यांचे व्हेरिएंट करू नयेत.

दुसरा घोळ रंगांच्या नावांचा. एकाने 'टॅन' म्हणून माल जमा केला, दुसऱ्याने तोच 'नॅचरल' म्हणून विकला. मोजणीत एकाच डिझाइनच्या एकाच नंबरमध्ये एक रंग सहाने कमी आणि दुसरा बरोबर सहाने जास्त निघाला, तर ही चोरी नव्हे, दुहेरी नाव आहे असं समजावं. उणे साठ्याला परवानगी नसेल, तर जोड हातात असूनही बिल अडतं.

या चुका मागाहून दुरुस्त करणं जड जातं. साठा असलेल्या जुन्या आयटमला ईआरपीनेक्स्ट टेम्प्लेट होऊ देत नाही, आणि व्हेरिएंटवर साठ्याचा व्यवहार झाल्यावर त्याचा रंग-नंबरही बदलू देत नाही. नवा आयटम काढून माल त्यावर वळवावा लागतो. तेव्हा सॉफ्टवेअर सुरू करण्याआधी खरेदी, विक्री आणि गोदाम सांभाळणाऱ्यांना एकत्र बसवा, रंगांची एकच यादी पक्की करा आणि तिच्यात भर घालण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा.