विश्लेषण : स्वमूल्यमापनात कामगिरी ठळक दिसावी, पण बढाई वाटू नये, यासाठी मसुद्यात काय बदलायचे?

एप्रिल उजाडला की खासगी कंपन्यांतील अनेकांच्या इनबॉक्समध्ये एचआर विभागाचा मेल येतो : ‘सेल्फ अप्रेझल’ अमुक तारखेपर्यंत भरा. वर्षभर काय केले, ते स्वतःच स्वतःबद्दल लिहायचे. पहिला मसुदा बहुधा दोनपैकी एका टोकाला जातो. ‘अत्यंत यशस्वीपणे’, ‘मोलाचा वाटा’ अशा शब्दांनी तो फुगतो. नाही तर ‘मदत केली’, ‘सहभाग घेतला’ म्हणत आक्रसतो. नेमके काय घडले, हे दोन्ही मसुद्यांत नसते. म्हणून खरे काम लिहिण्यापेक्षा दुरुस्त करण्यात आहे.

हा मजकूर वाचतो कोण?

थेट वरिष्ठ तर वाचतोच. पण अनेक मोठ्या कंपन्यांत अंतिम श्रेणी त्याच्या एकट्याच्या हाती नसते. विभागातील सगळे व्यवस्थापक एकत्र बसून आपापल्या माणसांच्या श्रेणी ताडून पाहतात. याला ‘कॅलिब्रेशन’ म्हणतात. वरच्या श्रेणीच्या जागा मोजक्या असतात आणि तुमच्या वरिष्ठाला तुमची बाजू मिनिटभरात मांडावी लागते, तीही तुम्हाला कधीच काम करताना न पाहिलेल्या लोकांसमोर. तिथे ‘ती फार मेहनती आहे’ हे वाक्य टिकत नाही, कारण टेबलाभोवतीचा प्रत्येक जण आपल्या माणसाबद्दल तेच म्हणत असतो. सरकारी नोकरीतही प्रतिवेदन अधिकाऱ्याने लिहिलेला अहवाल पुढे पुनर्विलोकन अधिकाऱ्याकडे जातो आणि तो तुमच्या टेबलापासून आणखी लांब असतो.

त्यामुळे मसुद्याची कसोटी साधी आहे. तुमचे वाक्य वरिष्ठाला जसेच्या तसे उचलून त्या बैठकीत म्हणता येईल का?

एका मसुद्याचे काय झाले?

समजा, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या लेखा विभागात एक कर्मचारी पुरवठादारांची बिले चुकती करण्याचे काम पाहते. तिचा पहिला मसुदा असा : ‘व्हेंडर पेमेंटची संपूर्ण प्रक्रिया अत्यंत कार्यक्षमतेने हाताळली आणि विभागाच्या यशात मोलाचा वाटा उचलला.’

यातली विशेषणे काढली की उरते ‘पेमेंटची प्रक्रिया हाताळली’. हे तर तिच्या पदाचे वर्णन झाले. त्या खुर्चीवर दुसरे कोणी असते, तरी हेच लिहिता आले असते. म्हणून पुढचा प्रश्न : वर्षाच्या सुरुवातीला काय स्थिती होती आणि शेवटी काय? याचे उत्तर स्मरणातून देऊ नये. आठवणीत शेवटचे दोन-तीन महिनेच ठळक असतात. पाठवलेले मेल, महिन्याचे अहवाल आणि सॉफ्टवेअरमधील नोंदी उघडाव्यात.

तिने त्या उघडल्या. एप्रिल ते जूनमध्ये महिन्याला सरासरी ४०० बिले येत होती आणि त्यातली ६० मुदत उलटल्यावर चुकती होत होती. त्या ६० पैकी ३५ बिलांवर पर्चेस ऑर्डरचा क्रमांकच नसायचा, त्यामुळे ती मंजुरीसाठी फिरत राहायची. जुलैपासून तिने क्रमांक नसलेले बिल त्याच दिवशी पुरवठादाराला परत पाठवायला सुरुवात केली. जानेवारी ते मार्चमध्ये बिले जवळपास तेवढीच आली, पण उशिराची १८ वर आली.

‘उशिराची बिले ७० टक्क्यांनी कमी केली’ असे लिहिण्याचा मोह इथे होतो. आकडा बरोबर आहे, दावा नाही. ऑर्डरचा क्रमांक नसल्याने अडकणारी बिले ३५ वरून ५ वर आली, म्हणजे तिच्या तपासणीमुळे ३० कमी झाली. उरलेली १२ कमी झाली ती स्टोअर्स विभागाने माल आल्याची नोंद दोन दिवसांत करायला सुरुवात केली म्हणून. बैठकीत स्टोअर्सचा व्यवस्थापकही बसलेला असतो. त्याने ‘त्यात आमचाही हात आहे’ एवढे म्हटले, की तिची खरी ३० बिलेही संशयाच्या फेऱ्यात येतात. बढाई आकडा मोठा असल्यामुळे होत नाही. दुसऱ्याचा वाटा त्यात गुपचूप मिसळला की होते.

दुरुस्त मसुदा असा झाला : ‘एप्रिल-जूनमध्ये महिन्याला ४०० पैकी ६० बिले उशिरा चुकती होत होती; जानेवारी-मार्चमध्ये हे प्रमाण १८ वर आले. पर्चेस ऑर्डरचा क्रमांक बिल घेतानाच तपासण्याची पद्धत मी जुलैमध्ये सुरू केली, त्यामुळे ३० बिले कमी झाली. उर्वरित घट स्टोअर्स विभागाने माल-नोंद लवकर सुरू केल्याने झाली. मार्चअखेर सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे एकही बिल कायदेशीर मुदतीपलीकडे थकीत नव्हते.’

शेवटचे वाक्य कशासाठी? लेखा विभागाबाहेरच्या माणसाला १८ आणि ६० मधल्या फरकाने काय होते ते कळत नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ही मुदत ओलांडलेली रक्कम वर्षअखेरीस थकीत राहिली, तर कंपनीला ती त्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नातून खर्च म्हणून वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी करता येते. वित्त विभागाच्या प्रमुखाला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. ‘कंपनीचा मोठा फायदा झाला’ असे तिने कुठेही लिहिलेले नाही, आणि लिहिण्याची गरजही उरलेली नाही.

‘मी’ लिहायला संकोच का?

मराठी कार्यालयीन भाषेत कर्ता गायब करण्याची जुनी सवय आहे : ‘कार्यवाही करण्यात आली’, ‘पाठपुरावा करण्यात आला’. फॉर्म इंग्रजीत असला तरी हीच सवय ‘वॉज डन’, ‘वॉज इन्व्हॉल्व्ड इन’ होऊन तिथे उतरते. हे नम्र वाटते, पण वाचणाऱ्याला काम कोणी केले ते समजत नाही. ‘आम्ही’चेही तसेच; त्यात तुमचे काय, हे वरिष्ठाला अंदाजाने ठरवावे लागते. जे स्वतः ठरवले किंवा केले तिथे ‘मी’, इतरांनी केले तिथे त्यांचे नाव. वरच्या मसुद्यात ‘मी’ एकदाच आहे आणि तेवढा पुरतो. ‘मदत केली’ हे क्रियापद दिसले, की त्या जागी प्रत्यक्ष कृती लिहावी : तक्ता तयार केला, नव्या सहकाऱ्याला तीन आठवडे शिकवले, पुरवठादारांशी बोलले.

आकडाच नसेल तर?

प्रत्येक काम मोजता येत नाही, आणि ओढूनताणून आणलेला आकडा लगेच ओळखू येतो. ‘कार्यक्षमता ४० टक्क्यांनी वाढवली’ असे लिहिले आणि ‘कशाच्या ४० टक्के?’ याला उत्तर नसेल, तर ते वाक्य खोडावे. त्याऐवजी काय बदलले ते सांगता येते : पूर्वी लेखापरीक्षकांच्या शंकांना उत्तर द्यायला फायली शोधाव्या लागत, आता कागदपत्रे एकाच फोल्डरमध्ये असतात आणि उत्तर त्याच दिवशी जाते.

न गाठलेले उद्दिष्ट वगळू नये. ते वरिष्ठाच्या यादीत असतेच. तीन वाक्ये पुरेत : ‘पुरवठादारांची माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये डिसेंबरपर्यंत भरायची होती, निम्मीच झाली. जुन्या नोंदींत बँक खात्यांचे तपशील अपुरे निघाले. ते मागवले असून उरलेले काम जूनअखेर संपेल.’ याला लांबलचक कारणमीमांसा जोडली, की वाचणाऱ्याचे लक्ष तिथेच अडकते. बऱ्याच फॉर्ममध्ये अक्षरमर्यादा असते, तेव्हा सर्वात वजनदार काम पहिल्या तीन ओळींत आणावे आणि न झालेले काम त्याच्या उद्दिष्टाखाली लिहावे.