इन्व्हर्टरची समांतर जोडणी : दोन यंत्रे, एकच ठेका

दवाखाना सुरू झाला तेव्हा दंतवैद्याकडे एकच खुर्ची होती. दिवे, पंखे, संगणक, खुर्ची आणि लहानसा कॉम्प्रेसर एवढ्यासाठी ५ केव्हीएचा इन्व्हर्टर आणि ४८ व्होल्टचा बॅटरीसंच पुरेसा होता. पुढे खुर्च्या तीन झाल्या, दीड अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर आला, उपकरणे निर्जंतुक करणारा दोन किलोवॉटचा ऑटोक्लेव्ह आला आणि एक वातानुकूलन यंत्रही बसले. एकूण भार साडेपाच किलोवॉटच्या घरात गेला. जुन्या यंत्राची प्रत्यक्ष क्षमता मात्र ४ किलोवॉट होती. वीज गेली असताना ऑटोक्लेव्ह चालू असेल आणि त्याच क्षणी कॉम्प्रेसरने उचल खाल्ली, तर इन्व्हर्टर 'ओव्हरलोड' दाखवून बंद पडू लागला.

अशा वेळी सुचणारा सरळ उपाय म्हणजे तसाच दुसरा इन्व्हर्टर आणावा आणि दोघांच्या आउटपुट वायरी मुख्य बोर्डात एकत्र जोडाव्यात. चार आणि चार मिळून आठ किलोवॉट, हे गणित कागदावर बिनचूक दिसते. बोर्डात मात्र ते तसे चालत नाही. अशा जोडणीसाठी न बनवलेले दोन इन्व्हर्टर एकमेकांना जोडले, तर बहुधा पहिल्याच क्षणी त्यांतील एक जळतो, कधी दोन्हीही.

घड्याळे जुळली नाहीत तर

आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. एका आवर्तनाला २० मिलिसेकंद लागतात आणि त्या अवधीत दाब शून्यापासून चढत सुमारे ३२५ व्होल्टच्या शिखरावर जातो, पुन्हा उतरतो आणि तितकाच उलट दिशेला जातो. आपण ज्याला २३० व्होल्ट म्हणतो, ते या चढउतारांचे परिणामी मूल्य आहे. प्रत्येक इन्व्हर्टर ही लहर स्वतःच्या घड्याळाप्रमाणे घडवतो. दोन घड्याळांत केवळ एक मिलिसेकंदाचा फरक असला, तरी दोन लहरींमधील दाबाचा फरक शंभर व्होल्टच्या शिखरापर्यंत पोहोचतो. दोन्ही यंत्रांना जोडणाऱ्या जाड तांब्याच्या तारेचा रोध नगण्य असल्याने या दाबाने वाहणाऱ्या प्रवाहाला अडवणारे फारसे काही उरत नाही.

घड्याळे एकदा जुळवून सोडून दिली, म्हणून प्रश्न सुटत नाही. एकाची गती ५० आवर्तने आणि दुसऱ्याची ५०.०१ असली, तरी एकत्र निघालेल्या लहरी ५० सेकंदांत नेमक्या उलट दिशांना पोहोचतात. त्या क्षणी दोघांतील फरक ६५० व्होल्टच्या शिखराला भिडतो. म्हणून जुळणी एकदाच होऊन भागत नाही. ती प्रत्येक आवर्तनात टिकवावी लागते.

समांतर जोडणीसाठी बनवलेल्या यंत्रांत हेच काम संपर्काची केबल करते. एक यंत्र 'मास्टर' ठरते, ते ठेका देते आणि बाकीची यंत्रे त्याच्यामागे आपली लहर चालवतात. कोणते यंत्र किती प्रवाह देत आहे, याची देवाणघेवाणही त्यातून होते. अनेक बनावटींत प्रवाहाच्या समान वाटणीसाठी दुसरी स्वतंत्र केबलही असते. ही देवाणघेवाण अत्यावश्यक आहे, कारण लहरी अचूक जुळल्या तरी दाबात थोडा फरक राहू शकतो. दोन्ही यंत्रांपासून बोर्डापर्यंत ६ चौरस मिलिमीटरची तीन-तीन मीटर केबल आहे असे धरले, तर त्या संपूर्ण वाटेचा रोध सुमारे ३७ मिलिओहम भरतो. नियंत्रण नसेल, तर अवघ्या एका व्होल्टच्या फरकाने त्यातून २७ अँपिअर प्रवाह एका यंत्रातून दुसऱ्यात वाहील. हा प्रवाह दिवा लावत नाही की पंखा फिरवत नाही; तो केवळ यंत्रांनाच तापवतो. ५ केव्हीएच्या यंत्राचा पूर्ण भाराचा प्रवाहच सुमारे २२ अँपिअर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे गांभीर्य कळते.

यासाठी उत्पादकाची अट असते की यंत्रे एकाच मॉडेलची, शक्यतो एकाच आवृत्तीच्या सॉफ्टवेअरची असावीत. दवाखान्यातील जुने यंत्र समांतर जोडणीचे नसेल, तर त्याला शेजारी नवा जोडीदार देता येत नाही.

वीज असते तेव्हाची परीक्षा

केबलचा प्रश्न बहुतेकांना वीज गेल्यावरचा वाटतो. खरी परीक्षा मात्र वीज असतानाच होते. महावितरणची वीज उपलब्ध असते तेव्हा असे यंत्र स्वतः लहर घडवत नाही. आतल्या रिलेमधून बाहेरची वीज तशीच पुढे सोडते. त्या वेळी यंत्रातील इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाला प्रवाहाची वाटणी करता येत नाही. दोन वाटांपैकी जिचा रोध कमी, तिच्यातून अधिक प्रवाह जातो आणि वाटणी सर्वस्वी वायरीवर सोपवली जाते.

समजा, दवाखान्यात एक इन्व्हर्टर बोर्डाला लागून आहे आणि त्याच्या वायरींची लांबी दोन मीटर आहे. दुसऱ्याला जागा न मिळाल्याने तो पोटमाळ्यावर बसवला आणि त्याच्या वायरी दहा मीटर झाल्या. ३० अँपिअरचा भार आला, तर केबलच्या हिशेबाने पहिल्या यंत्रातून २५ आणि दुसऱ्यातून ५ अँपिअर जातील. आतील संपर्कांचा रोध हा फरक थोडा कमी करतो, पण मिटवत नाही. मग एकूण भार मर्यादेत असतानाही पहिल्या यंत्राचा रिले तापतो किंवा त्याचा ब्रेकर पडतो. तो पडताच सगळा भार दुसऱ्यावर जातो आणि क्षणभरात तोही पडतो. 'क्षमता दुप्पट केली, तरी तक्रार तीच' असे ज्याला वाटते, त्याच्याकडे बहुतेक वेळा असेच काहीसे घडलेले असते.

उपाय साधा आहे. प्रत्येक यंत्राकडे जाणारी आणि त्यातून येणारी केबल समान जाडीची आणि समान लांबीची हवी. जवळच्या यंत्राची केबल जास्त भरली, तर ती कापू नये. तेवढीच लांब ठेवून ऐसपैस वळणाने मांडावी. येथे एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. या बाजूला केबल गरजेपेक्षा खूप जाड आणि आखूड घेतल्याने वाटणी बिघडू शकते. वाटेचा रोध नाममात्र राहिला, तर ब्रेकरच्या किंवा स्क्रूच्या संपर्कातील किरकोळ फरकही मोठा ठरतो. केबलचा थोडा, पण समान रोध वाटणीला स्थैर्य देतो.

बॅटरीच्या बाजूला मात्र नियम उलटा आहे. तेथे केबल जितकी जाड आणि आखूड, तितकी उत्तम. साडेपाच किलोवॉटच्या भारासाठी ४८ व्होल्टच्या संचातून सुमारे १३० अँपिअर खेचले जातात. बॅटरीपासून जाड बसबार घ्यावा आणि तेथून प्रत्येक यंत्राला स्वतंत्र फ्यूज लावून समान लांबीच्या केबल द्याव्यात. पहिल्या इन्व्हर्टरच्या टर्मिनलवरूनच दुसऱ्याला जोड देणे ही नेहमीची चूक आहे. त्या दुसऱ्या यंत्राला कॉम्प्रेसर सुरू होताना बॅटरीचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. ते 'बॅटरी संपली' असे समजून आधी बंद पडते आणि बॅटरीचा दोष नसताना बॅटरी बदलली जाते.

दुसरे यंत्र घेऊन बॅटरीसंच तोच ठेवला, तरीही निराशा पदरी येते. २०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी ही क्षमता दहा तासांत सावकाश वापरली तर देते. १३० अँपिअरने खेचल्यावर हिशेबाने दीड तास यायला हवा. प्रत्यक्षात तासाभराच्या आतच ती थकते.

भार देण्यापूर्वी

संपर्काच्या केबल जोडून आणि प्रत्येक यंत्रात समांतर चालण्याची निवड करून झाल्यावरही आउटपुट लगेच एकत्र करू नये. न्यूट्रल जोडलेले आणि फेजचे ब्रेकर उघडे ठेवून जाणकार तंत्रज्ञ दोन फेजमधील दाब मोजतो. लहरी जुळल्या असतील, तर मीटर शून्याच्या आसपास स्थिर राहतो. आकडा सावकाश चढत चारशेच्या पुढे जात असेल आणि पुन्हा उतरत असेल, तर घड्याळे वेगवेगळी धावत आहेत. वीजनिर्मिती केंद्रांत जनित्र ग्रिडला जोडताना पूर्वी दिव्यांच्या साहाय्याने हीच परीक्षा होई. दोन्ही बाजूंमध्ये लावलेले दिवे उजळत आणि मंद होत; ते पूर्ण विझले, की स्विच बंद करून जनित्र जोडले जाई.

भार दिल्यानंतर प्रत्येक यंत्राच्या आउटपुट वायरीवर क्लॅम्प मीटर लावून प्रवाह दोनदा मोजावा. एकदा बाहेरच्या विजेवर, एकदा बॅटरीवर. दोन्ही वेळा आकडे जवळजवळ सारखे हवेत. केवळ बाहेरच्या विजेवर तफावत दिसली, तर दोष केबलच्या लांबीत किंवा सैल जोडात असतो. दवाखान्यातील सर्व उपकरणे बंद असतानाही काही अँपिअर दिसत असतील, तर तो एका यंत्रातून दुसऱ्यात फिरणारा प्रवाह असतो.

समांतर जोडणी सर्वांनाच लागते असे नाही. एकही उपकरण एका यंत्राच्या क्षमतेबाहेरचे नसेल, तर भार दोन भागांत विभागून प्रत्येकाला स्वतंत्र इन्व्हर्टर देणे स्वस्त पडते. जुने यंत्रही कामी येते. मात्र दोन्ही भागांचे न्यूट्रल बोर्डात एकमेकांत मिसळता कामा नयेत. त्या दंतवैद्याला ऑटोक्लेव्ह एका यंत्रावर आणि कॉम्प्रेसर दुसऱ्यावर ठेवून निभावता येईल. एक यंत्र बिघडले, तर त्या भागाची उपकरणे तेवढ्या काळापुरती थांबतील, हे गृहीत धरावे लागेल.

समांतर जोडणी केलीच, तर एक गोष्ट बोर्डावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावी. दुरुस्तीसाठी एक इन्व्हर्टर बंद केला, म्हणजे त्याची आउटपुट टर्मिनल निर्जीव झाली असे समजू नये. शेजारचे यंत्र चालू असेल, तर सामाईक वायरीतून तेथे पूर्ण २३० व्होल्ट पोहोचलेले असू शकतात. एकाच इन्व्हर्टरच्या सवयीने हात घालणाऱ्या तंत्रज्ञासाठी हाच सर्वांत मोठा धोका आहे. प्रत्येक यंत्राला स्वतःचा ब्रेकर हवा आणि झाकण उघडण्यापूर्वी सर्व यंत्रे बंद करून, बॅटरी व बाहेरची वीज तोडून, मीटरने खात्री करून घ्यायला हवी.