कंबर कसणे : क्रंचेसच्या पलीकडील धडाचा व्यायाम

कष्टाचे काम हाती घेताना मराठी माणूस ‘कंबर कसतो’. गागोदे बुद्रुकच्या परिसरात आणि एकूणच पेण-रोह्याच्या भातखाचरांत कापणीच्या दिवसांत हा शब्दप्रयोग अक्षरशः डोळ्यांना दिसतो. भाताचा भारा डोक्यावर घेण्यापूर्वी बाई पदर कमरेला घट्ट खोचते, पुरुष टॉवेल आवळून बांधतो आणि मगच पाऊल उचलले जाते. भारा डोक्यावर असेपर्यंत धड वाकत नाही, पिळवटत नाही. चालतात ते पाय. व्यायामशास्त्रात ज्याला ‘कोअर’ म्हणतात, त्या धडाच्या स्नायूंचे मुख्य काम नेमके हेच आहे. हालचाल घडवण्यापेक्षा नको ती हालचाल रोखणे हे त्यांचे खरे कार्य होय.

वसतिगृहांतून मात्र पोटाचा व्यायाम म्हणजे क्रंचेस, असेच समीकरण रूढ झाले आहे. पहाटे उठावे, सतरंजीवर पडावे आणि शंभर क्रंचेस मोजून काढावेत. यात दोन अडचणी आहेत. पहिली वेळेची. मणक्यांमधील चकत्या रात्रभर पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात पुढे वाकले, तर त्यांच्यावर दिवसातील इतर वेळेपेक्षा अधिक ताण येतो. दुसरी अडचण हालचालीचीच आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांनी पाठीच्या कण्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. भाराखाली कणा पुनःपुन्हा वाकवला, तर चकतीचे बाहेरचे कडे हळूहळू झिजते, असे त्यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले. म्हणून क्रंचेस विषासमान ठरत नाहीत. शालेय तंदुरुस्ती चाचणीत त्यांचा एक प्रकार असतो. चाचणीपूर्वी त्याचा थोडा सराव जरूर करावा. मात्र धडाची सारी ताकद त्यावर सोपवू नये.

रायगड हा कबड्डीचा जिल्हा. चढाईपटूचा घोटा कोपरारक्षकाने पकडला की त्याचे धड एका बाजूला खेचले जाते आणि त्याच क्षणी पिळलेही जाते. धड तेथेच मोडले, तर पायांचे बळ मध्यरेषेपर्यंत पोहोचत नाही. या प्रसंगात क्रंचेसची हालचाल कुठेही येत नाही. येथे उपयोगी पडतात त्या तीन गोष्टी : धड आवळणे, पिळाला विरोध करणे आणि ओझे घेऊन चालणे.

पहिली गोष्ट ब्रेसिंग, म्हणजेच धड आवळणे. उताणे पडून गुडघे वाकवावेत. कमरेच्या दोन्ही हाडांच्या वर, कुशींत बोटे रुतवावीत आणि खोकावे. बोटे बाहेर ढकलली जातात. तोच ताण खोकल्याविना, साधारण निम्म्या जोराने धरून ठेवणे म्हणजे ब्रेसिंग. पोट आत ओढणे म्हणजे ब्रेसिंग नव्हे. श्वास कोंडणे तर नव्हेच. ओळखण्याची खूण सोपी आहे. ताण कायम ठेवून एक ते दहा मोठ्याने मोजता आले पाहिजे. आवाज अडकला, तर श्वास कोंडला आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट पिळाला विरोध. यासाठी सायकलची जुनी ट्यूब छातीच्या उंचीवर खांबाला बांधावी. खांब आपल्या उजव्या बाजूस येईल असे उभे राहावे, ट्यूबचे टोक दोन्ही हातांनी छातीशी धरावे, धड आवळावे आणि हात सरळ पुढे न्यावेत. पाच सेकंद थांबून हात परत आणावेत. यास पॅलॉफ प्रेस म्हणतात. हात जितके पुढे जातात, तितकी तरफ लांबते आणि ट्यूब धडाला खांबाकडे वळवू पाहते. आपण वळायचे नाही, एवढाच हा व्यायाम. जोडीदाराने समोर उभे राहून बेंबीकडे पाहावे. ती खांबाकडे फिरू लागली, तर ताण जास्त झाला. एक पाऊल खांबाच्या जवळ सरकावे.

तिसरी गोष्ट भारवहन. यासाठी पाण्याच्या बादलीइतके चांगले साधन आम्हांस आढळलेले नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन अचूक ठरवता येते. आणि धड डोलले की पाणी सांडते, म्हणजे परीक्षकही सोबतच असतो. दोन्ही हातांत सारख्या बादल्या घेतल्या, तर भार समतोल राहतो. एकाच हातात बादली घेतली, तर धड त्या बाजूला झुकू पाहते आणि विरुद्ध बाजूच्या कुशीचे स्नायू त्याला थोपवतात. तेच वजन दोन हातांत विभागण्यापेक्षा एका हातात नेल्यास कण्यावर अधिक दाब येतो. म्हणून एका हाताचे वजन नेहमी कमी ठेवावे.

आमच्या वसतिगृहातील नववीतील एका कबड्डीपटूचे उदाहरण येथे देतो. वजन ४८ किलो. रोजचे शंभर क्रंचेस सहज होत, परंतु सकाळी कंबर आखडलेली असे. पाच लिटरची बादली एका हातात घेऊन चालताना त्याचा विरुद्ध खांदा खाली जाई आणि पाणी सांडे. पहाटेचे क्रंचेस थांबवून आम्ही त्याला संध्याकाळचा पुढील आठवडा आखून दिला. प्रत्येक दिवसाचा आरंभ ब्रेसिंगच्या दहा श्वासांनी होई.

सोमवार : हात-गुडघ्यांवर ओणवे राहून विरुद्ध हात व पाय लांब करणे (बर्ड-डॉग). दहा सेकंद स्थिर. प्रत्येक बाजूस सहा, मग चार, मग दोन वेळा. त्यानंतर दोन्ही हातांत सहा-सहा लिटर घेऊन २० मीटरच्या तीन फेऱ्या.

बुधवार : पॅलॉफ प्रेस, प्रत्येक बाजूस आठ वेळा, दोन आवर्तने. त्यानंतर गुडघे टेकून साइड प्लँक, दहा-दहा सेकंद, प्रत्येक बाजूस चार वेळा.

शुक्रवार : एका हातात पाच लिटर घेऊन २० मीटर, प्रत्येक हाताने तीन फेऱ्या, मध्ये मिनिटभर विश्रांती.

वाढीचा नियम एकच होता. सलग दोन वेळा पाणी न सांडता फेऱ्या झाल्या, तरच प्रत्येक बादलीत एक लिटर वाढवायचे. सांडले तर तेवढेच ठेवायचे. सहाव्या आठवड्यात तो दोन्ही हातांत दहा-दहा लिटर आणि एका हातात आठ लिटर घेऊन खांदे समांतर ठेवून चालू लागला. सकाळचे आखडणेही थांबले. त्याचे श्रेय केवळ व्यायामास द्यावे की पहाटेचे वाकणे बंद केल्यास, हे एका मुलावरून ठरवता येणार नाही.

एक प्रश्न पालक हमखास विचारतात : आम्ही जन्मभर ओझी वाहिली, कंबर तर गेलीच, मग मुलांना पुन्हा ओझे कशासाठी? प्रश्न रास्त आहे. आपल्या आधीच्या पिढ्यांना ओझ्याचे वजन, अंतर आणि विश्रांती ठरवण्याचा अधिकार नव्हता. थकल्यावरही भारा उचलावाच लागे, आणि थकलेले धड आवळलेले राहत नाही; इजा तेथेच होते. डोक्यावर आणि पाठीवर ओझी वाहणाऱ्यांच्या कामाचे नियमन करण्यासाठी महाराष्ट्राला १९६९ मध्ये माथाडी कामगार कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. व्यायामातील ओझे २० मीटरवर खाली ठेवता येते, आणि पाणी सांडताच ते ठेवलेच पाहिजे. हा भेद मुलांना समजावून सांगितल्याशिवाय त्यांच्या हाती बादली देऊ नये.

मांडीतून पायात उतरणारी कळ, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा जाणवल्यास व्यायाम त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवावे. ज्या दिवशी मूल सुटीत घरी भाताचे भारे वाहून आले असेल, त्या दिवशी बादल्यांना सुटी द्यावी. त्याचे भारवहन झालेले आहे.